डायरीचं उजवं पान

उद्याचा बेत लिहायला कुणालाच जड जात नाही. रात्रीचं जेवण झालेलं असतं, पाय पसरलेले असतात, आणि त्या वेळी प्रत्येक माणूस कमालीचा शिस्तीचा असतो. खत-औषधांच्या दुकानातून नव्या वर्षाला फुकट मिळालेली डायरी उघडायची आणि डाव्या पानावर लिहून टाकायचं. अडचण उजव्या पानाची आहे. तिथे प्रत्यक्षात काय घडलं ते लिहायचं असतं, आणि तिथे घड्याळ आपलं ऐकत नाही.

रावेर तालुक्यातल्या एखाद्या केळी बागायतदाराचा हिवाळ्यातला दिवस घेऊ. बाग सावद्याजवळ, लाइट सकाळपासून आहे. डाव्या पानावर असं आहे: ६ ते ७ ड्रिपमधून खत. ७ ते ७.३० चहा-नाश्ता. ७.३० ते ९.३० मजुरांबरोबर पिल, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, काढणं. ९.३० ते ११ सावदा, बँक आणि औषध. ११ ते १ कापणी, व्यापाऱ्याची गाडी अकराला येणार. एकला मोकळा.

उजवं पान: ६ ते ६.१५ फिल्टर धुतला. ६.१५ ते ६.४५ साधं पाणी. ६.४५ ते ७.१५ खत सोडलं. ७.१५ ते ७.४५ पुन्हा साधं पाणी. ७.४५ ते ८.१५ चहा-नाश्ता. ८.१५ ते १०.१५ पिल. १०.१५ ते १२.१५ सावदा. १२.१५ ते १२.४५ गाडीची वाट. १२.४५ ते २.४५ कापणी आणि वजन. एकचे पावणेतीन झाले, म्हणजे पावणेदोन तास उशीर.

आता घरातलं कुणीही सांगेल की सावद्याला चहाच्या टपरीवर "काय भो" करत बसला असणार. बसला होताच, अर्धा तास. पण उशिराची वाटणी नीट पाहिली तर वेगळंच दिसतं. पिल काढायला दोन तास धरले होते, दोनच लागले. कापणीलाही तेवढेच. हाताने करायच्या कामाचा अंदाज शेतकऱ्याचा सहसा चुकत नाही. पंचेचाळीस मिनिटं गेली ती ड्रिपपाशी. बेत लिहिताना डोळ्यांपुढे फक्त खत होतं, आणि खताला अर्धाच तास लागतो. पण आधी साधं पाणी सोडून सगळ्या नळ्यांत दाब सारखा करावा लागतो, नाहीतर जवळच्या झाडांना खत जास्त आणि टोकाच्या झाडांना कमी. नंतरही साधं पाणी हवंच, नाहीतर नळीत राहिलेलं खत ड्रिपरच्या तोंडाशी साचतं. फिल्टर धुणं तर बेतात कुणीच लिहीत नाही. ते 'काम' वाटतच नाही ना!

बेत बहुतेक वेळा अशा कडांवर फसतो. काम धरलेलं असतं, त्याची तयारी आणि आवराआवर धरलेली नसते. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या सवयीला नियोजनाचा भ्रम म्हटलं: माणूस पुढच्या कामाचा अंदाज मनातल्या चित्रावरून बांधतो, मागच्या वेळी किती लागला होता ते बघत नाही. उजवं पान म्हणजे ते 'मागच्या वेळी'.

याच पानात आणखी एक गोम आहे. गाडी अकराला येणार होती, आली पाऊण वाजता. तरी डायरीत वाट बघण्याचा अर्धाच तास दिसतो, कारण बागायतदार स्वतःच सव्वाबाराला पोचला. त्याच्या उशिराने गाडीचा उशीर झाकला. समजा तो सगळं वेळेवर करून अकराला बांधावर हजर असता, तर पावणेदोन तास गाडीची वाट बघत बसला असता आणि दिवस तरीही पावणेतीनलाच संपला असता. म्हणजे टपरीवरच्या चहाने त्या दिवशी एका मिनिटाचंही नुकसान केलं नाही! हे कळायला डायरीत 'वाट' एवढं लिहून भागत नाही. 'गाडी ठरली ११, आली १२.४५' असं दोन्ही लिहावं लागतं. मग सुधारणाही बदलते. चहा तोडण्यात अर्थ नाही. सावद्याला निघण्याआधी व्यापाऱ्याला फोन करून गाडी कुठवर आली ते विचारायचं.

लिहायचं कधी, तर काम बदलताना, लगेच. पाव तासाचा टप्पा पुरतो. पाच-पाच मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्यांची डायरी चार दिवसांत कोरी पडते. रात्री आठवून भरलेलं पान तर ओळखूच येतं: सगळ्या वेळा तासाला नाहीतर साडेला सुरू होतात, दोन कामांच्या मध्ये जायला-यायला क्षणही लागलेला नसतो, आणि उजवं पान डाव्यासारखंच दिसतं. आठवण बेताच्या बाजूने साक्ष देते. खिशात छोटी वही आणि शिसपेन्सिल असली की ओल्या हातानेही दोन शब्द खरडता येतात. डावं पान मात्र पेनाने लिहावं आणि सकाळनंतर त्याला हात लावू नये. गाडी उशिरा येणार कळल्यावर अकराचे साडेबारा करून टाकले, की बेत बरोबर ठरतो आणि डायरी निकामी होते.

अलेक्झांडर ल्युबिश्चेव्ह नावाच्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने अशी नोंद १९१६ पासून १९७२ साली मरेपर्यंत ठेवली. तो कामाचा निव्वळ वेळच मोजायचा, मधले खंड वजा करून. त्याच्या टेबलावर ते ठीक होतं. शेतात मधले खंडच वजा केले तर फिल्टर, साधं पाणी आणि गाडी तिन्ही गायब होतील.

दोन आठवडे झाले की एकेक काम वेगळं काढून बघावं. ड्रिपच्या सात नोंदी समजा ९०, १०५, १०५, २४०, ९०, १२०, १०५ मिनिटांच्या आहेत. २४० च्या दिवशी फ्यूज उडाला होता. सरासरी काढली तर दोन तासांच्या वर जाते, आणि तेवढा वेळ एरवी कधी लागतच नाही. त्यापेक्षा आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा: १०५. पुढच्या बेतात ड्रिपला पावणेदोन तास. पिलला दोनच राहू द्यावेत. सगळ्याच कामांना सरसकट दीडपट वेळ देणारे लोक असतात. त्यांचा बेत ढिला होतो आणि ड्रिपला तो तरीही अपुराच पडतो.

शेवटी लाइटचं. ज्या फीडरवर थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तिथे दोन्ही आठवड्यांच्या नोंदी एकत्र करू नयेत. रात्री दोनला मोटार लावून आलेल्या माणसाचा सकाळी आठचा तास आणि सलग झोपलेल्याचा आठचा तास एक नव्हे. रात्रपाळीच्या आठवड्यात पान मध्यरात्रीला बदलू नये, झोपून उठल्यावर बदलावं, म्हणजे रात्रीचं पाणी आणि दुपारची डुलकी योग्य दिवसाच्या पानावर पडतात. मे महिन्याच्या नोंदीही हिवाळ्याच्या बेताला लावू नयेत. भुसावळकडच्या उन्हात बारा ते चार बागेत काम होत नाही, आणि तो वेळ डाव्या पानावरच 'ऊन' म्हणून लिहिलेला बरा.