पावसात न भिजणारा खांब

समुद्राकडे तोंड असलेल्या एका घराच्या तपासणीला गेलो होतो. व्हरांड्यातल्या खांबाला कोपऱ्यातून सरळ उभी चीर गेली होती. "गिलाव्याची चीर आहे, लांबी भरून रंग मारला की झालं," असं मालकांना कुणीतरी सांगून ठेवलेलं. पण गिलाव्याच्या चिरा वाटेल तशा फिरतात. सळईच्या रेषेत धावणारी चीर बहुतेक वेळा आतून येते.

हातोडीने ठोकलं तर आवाज पोकळ. फोडल्यावर दिसलं, की मुख्य सळईवर २५ मिलिमीटर काँक्रीट होतं, पण तिच्याबाहेरून वेढा घालणाऱ्या बारीक सळईच्या रिंगवर जेमतेम १५. लोखंडावरचा हा काँक्रीटचा थर म्हणजे कव्हर. ते मोजायचं सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे रिंगपासून, आणि ते इथे ४५-५० तरी हवं होतं. सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवून काम उरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वरचा गिलावा कव्हरमध्ये धरणाऱ्यांचाही.

काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो. खाऱ्या वाऱ्यातल्या मिठाचे क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचले, की हा थर जागोजागी तुटतो. म्हणूनच ८ मिलिमीटरची रिंग एका ठिकाणी निम्मी खाल्ली गेली होती आणि बोटभर अंतरावर जवळपास शाबूत होती. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तोच काँक्रीटला आतून फोडतो.

मला चक्रावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. उघड्यावरच्या कुंपणाच्या खांबालाही कव्हर तितकंच कमी होतं, पण त्याची अवस्था बरी होती. त्याच्यावरचं मीठ दर पावसात धुतलं जातं. छपराखालच्या खांबावर वारा मीठ आणून टाकतो आणि ते तिथेच साचत राहतं. आडोशाचा खांब सुरक्षित, असं सगळेच धरून चालतात.

ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. जिथे क्लोराइड पुरेसं असतं तिथे पांढरं उमटतं, बाकी भाग तपकिरी होतो. पांढरा पट्टा ३० मिलिमीटर आत गेला होता. क्लोराइडला लागणारा वेळ साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काँक्रीट तेवढंच घट्ट धरलं, तर १५ चं कव्हर ४५ केल्यावर तीनपट नाही, जवळपास नऊपट काळ मिळतो. वाचवलेल्या काँक्रीटची किंमत त्यापुढे काहीच नाही.

तो खांब सळईच्या मागेपर्यंत फोडून दुरुस्त करायचं ठरलं. शेजारच्या दोन खांबांना चीर नाही, ठोकल्यावर आवाजही भरीव येतो. पण तिथे भोक पाडून फवारलं तेव्हा पांढरा पट्टा रिंगच्या पुढे गेलेला दिसला. "चांगले खांब कशाला फोडायचे?" मालक म्हणाले. मी त्यांना ते भोक दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि घरात विचारून सांगतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.