आमची वाटचाल : पहिल्या लेबलापासून आजच्या लेबलापर्यंत

चेहऱ्याला लावायच्या आमच्या कुंकुमादी तेलाचं २०११ सालचं पहिलं लेबल मी अजून टेबलाच्या खणात ठेवलंय. सोनेरी कडा, मधोमध केशराचं फूल आणि खाली ठळक अक्षरांत : ‘शुद्ध केशरयुक्त, १०० टक्के नैसर्गिक, गोरेपणासाठी, मुदत ३६ महिने’. त्या वेळी हे लेबल मला फार देखणं वाटलं होतं. आज त्यातला एकेक शब्द वाचताना कान लाल होतात.

तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे मिस्टर. सांगलीजवळ एका परवानाधारक कारखान्यात तेल करून घ्यायचं, घरी आणून बाटल्या भरायच्या आणि प्रदर्शनात मांडायच्या. एकदा आमच्या ओळखीतले वैद्यकाका स्टॉलवर आले. त्यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “ताई, यात केशर किती?” मी म्हटलं, “भरपूर आहे, काका.” त्यांनी पुन्हा विचारलं, “किती?”

घरी येऊन वही काढली. १० लिटर तेलात आम्ही १ ग्रॅम केशर घातलं होतं. म्हणजे १० मिली तेलात १ मिलिग्रॅम. डब्यात केशराची काडी होती, हे खरं, पण तिला ‘केशरयुक्त’ म्हणायला तोंड जड व्हावं.

मग पाठ, म्हणजे ग्रंथात दिलेली कृती, नीट वाचला. कुंकुमादीचा पाठ अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात येतो आणि पुढच्या ग्रंथांत त्याची वेगवेगळी रूपं मिळतात. त्यामुळे ‘ग्रंथोक्त’ एवढं लिहून भागत नाही, कोणता ग्रंथ ते लिहावं लागतं. केशर, चंदन, मंजिष्ठा, लाख, ज्येष्ठमध, वाळा ही मंडळी बहुतेक पाठांत असतात, तीळतेल आणि शेळीचं दूधही असतं. तेल सिद्ध करायचं साधारण प्रमाण असं : कल्क म्हणजे वाटलेल्या औषधींचा गोळा एक भाग, तेल चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे १ लिटर तेलाला २५० ग्रॅम कल्क. आम्ही आज कल्काचा सोळावा भाग केशर धरतो, तो होतो साधारण १६ ग्रॅम. ग्रॅमला २५० रुपये धरले तरी लिटरमागे ४००० रुपये नुसत्या केशराचे. ३० मिलीच्या बाटलीत १२० रुपयांचं केशर. आता कुणी ३० मिलीची बाटली ९९ रुपयांना विकत असेल, तर त्यात काय असेल ते तुम्हीच ठरवा. पाठभेदानं केशर कमी होऊ शकतं, पण इतकंही नाही.

म्हणून लेबलाच्या मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर निघालेल्या तेलावर घटकांची यादी वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह असते आणि बऱ्याच बाटल्यांवर ‘प्रत्येक १० मिलीत अमुक इतकं’ असं प्रमाणही छापलेलं असतं. आमच्या बाटलीवर केशरापुढे १६० मि.ग्रॅ. असं लिहिलेलं दिसेल. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावरची बाटली असेल, तर घटक उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. एक टक्क्याखालचे घटक मात्र कसेही मांडता येतात. पहिलं नाव लिक्विड पॅराफिन असेल, तर ते खनिज तेल आहे, तीळतेल नव्हे. आणि यादीत वेगळं सुगंधद्रव्य असेल, तर वास कुणाचा ते समजून घ्या.

रंगाची गोष्ट जरा निराळी आहे. दुकानात येणारी बरीच ताई-माई विचारते, “लालभडक का नाही हो?” केशराचा पिवळा-नारिंगी रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात उतरतो तो मुख्यतः केशराचा वास. म्हणून केशराच्या जोरावर तेल लाल होत नाही. मंजिष्ठेनं थोडी लाली येते. पण कुंकवासारखं गडद लाल तेल दिसलं, की मला आधी रतनजोत आठवते, ही मुळी तेलाला झटकन रंगवते. रतनजोत वाईट नाही, फक्त तिचं नाव यादीत हवं.

आता ३६ महिन्यांकडे येते. आमची खरी परीक्षा इथेच झाली. २०१४ च्या पावसाळ्यातल्या एका घाण्यातल्या बाटल्या चार महिन्यांत परत आल्या. तेल गढूळ होतं, तळाशी पांढरट साका आणि वास खवट. आधी मी बाटलीवाल्यावर तणतणले. मग कारण सापडलं ते आमच्याच घाईत. त्या दिवशी फेस आला म्हणून कढई उतरवली होती. तेल सिद्ध होताना फेस येतो, हे खरं, पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. कल्क दोन बोटांत वळून त्याची वात व्हायला हवी आणि ती वात विस्तवावर धरल्यावर तडतडता कामा नये. तडतडली, तर पाणी शिल्लक आहे. दुधाचं पाणी तेलात राहिलं, की पुढे काय होणार ते बाटल्यांनी दाखवलं. सगळा घाणा ओतून दिला. तेव्हापासून विस्तवावरची वात मी स्वतः बघते, मग बाहेर कितीही पाऊस असो.

तेलाला नियमानं तीन वर्षांची मुदत देता येते. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकारानं तेला-तुपासाठी सांगितलेली मुदत टीकाकार सोळा महिने धरतात. आम्ही १८ महिने छापतो. कारण मुदत ही बंद बाटलीची असते आणि बाटली घरी उघडली, की हवा, ऊन, ओला हात यांचा हिशेब सुरू होतो. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा, न्हाणीघरात ठेवू नका आणि वास घेत चला. तीळतेल तसं टिकाऊ आहे, त्यात बदाम तेल जास्त मिसळलं असेल तर लवकर खवटतं.

आणखी एक खाचखळगा : उत्पादनाची तारीख. काही ठिकाणी तेल पिंपात महिनोन् महिने पडून असतं आणि बाटली भरण्याचा दिवस ‘उत्पादन’ म्हणून छापला जातो. बाहेरून हे कळत नाही. एवढंच करता येतं, की बॅच क्रमांक सांगून तेल कढईतून कधी उतरलं ते उत्पादकाला विचारायचं. आमच्याकडे फोन आला, तर वहीचं पान उघडून सांगतो.

‘गोरेपणा’ हा शब्द २०१३ सालीच काढला. ग्रंथात व्यंग म्हणजे वांग आणि तत्सम डाग यांच्यासंदर्भात हे तेल येतं, वर्ण सुधारणं म्हणजे कातडीचा जन्माचा रंग बदलणं नव्हे. वांग उन्हानं आणि संप्रेरकांनी परत येतो, तेलानं तो कायमचा जातो असं आम्ही म्हणत नाही. कोडासारख्या पांढऱ्या डागांवर उपाय म्हणून जाहिरात करायला औषधांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, तरी विचारणा येतेच. मुरुमांची तेलकट कातडी असेल, तर आम्ही उलट सांगतो : आधी जबड्याखाली दोन थेंब रोज रात्री लावून आठवडाभर बघा, पुरळ आली तर सोडा. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका मुलीनं तसं बघितलं, पुरळ आली, बाटली परत केली. आम्ही पैसे दिले आणि बाटली कपाटात ठेवली, आईच्या गुडघ्यांना चोळायला.