नुसत्या प्रीऑर्डरवरून झाड

"मॅडम, इनऑर्डर दिलेलाच नाही, नुसता प्रीऑर्डर आहे. त्यावरून बायनरी सर्च ट्री कसं उभं करायचं? आणि तेही एकाच फेरीत, O(n) मध्ये?"

प्लेसमेंटचा मोसम आला की इंदूरमध्ये माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हे विचारतातच. अर्धी मराठीत विचारतात, अर्धी हिंदीत, आणि बहुतेकांनी उत्तर पाठ केलेलं असतं. अडतं ते पुढच्या "असं का?" पाशी. म्हणून एकदा सावकाश लिहून ठेवते.

साधं बायनरी झाड असेल तर नुसता प्रीऑर्डर खरंच पुरत नाही. १ नंतर २ आला, तर २ डावीकडे लटकवायचा की उजवीकडे, हे सांगणारं त्या क्रमात काहीच नसतं. सर्च ट्रीमध्ये मात्र ते सांगायचं काम आकडेच करतात. २ हा १ पेक्षा मोठा, म्हणजे उजवीकडेच. इनऑर्डर वेगळा मागायचं कारण उरत नाही, कारण सर्च ट्रीचा इनऑर्डर म्हणजे तेच आकडे चढत्या क्रमाने लावलेले.

मग मुलं सहसा दोनांपैकी एक वाट धरतात. एक म्हणजे प्रत्येक आकडा मुळापासून खाली नेत घालत जायचा. दुसरी म्हणजे पहिला आकडा मूळ धरायचा, पुढे त्याच्यापेक्षा मोठा पहिला आकडा शोधायचा, तिथे क्रम तोडायचा आणि दोन्ही तुकड्यांवर तेच करायचं. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही हळू पडू शकतात. १०,००० आकडे उतरत्या क्रमाने द्या. पहिल्या वाटेने प्रत्येक आकडा आधीच्या सगळ्यांना भेटून खाली जातो. दुसऱ्या वाटेने मोठा आकडा सापडतच नाही, म्हणून दर वेळी शेवटपर्यंत चालावं लागतं. दोन्हीकडे तुलना जवळजवळ ५ कोटी होतात.

तिसरी वाट अशी, की तोड शोधायचीच नाही. झाडातल्या प्रत्येक रिकाम्या जागेच्या दारावर दोन आकडे लिहिलेले आहेत असं समजा: याहून मोठा आणि याहून लहान असेल तरच आत या. मुळाच्या दारावर −∞ आणि ∞, म्हणजे कुणीही या. एखाद्या जागेत v येऊन बसला की तिथून दोन नवी दारं निघतात. डाव्या दाराची खालची मर्यादा तीच राहते आणि वरची v होते. उजव्याची खालची v होते आणि वरची तीच राहते. क्रमात पुढे उभा असलेला आकडा दाराच्या मर्यादेत बसला तर आत घ्यायचा. नाही बसला तर ते दार कायमचं बंद करायचं आणि तोच आकडा पुढच्या दाराशी न्यायचा. दारांचा क्रम प्रीऑर्डरचाच: आधी डावं, मग उजवं.

```python
def build(a):
    i = 0
    def go(lo, hi):
        nonlocal i
        if i == len(a) or not (lo < a[i] < hi):
            return None
        v = a[i]
        i += 1
        left = go(lo, v)
        right = go(v, hi)
        return (v, left, right)
    root = go(float('-inf'), float('inf'))
    if i < len(a):
        raise ValueError(i)
    return root
```

आता ४०, २२, १५, ३१, २७, ५८, ४९ हा क्रम हाताने चालवू. ४० मुळाशी बसला. त्याचं डावं दार (−∞, ४०), तिथे २२ बसला. २२ चं डावं दार (−∞, २२), तिथे १५. पुढचा आकडा ३१. १५ च्या डाव्या दाराला १५ पेक्षा लहान हवा, नकार. उजव्या दाराला १५ आणि २२ च्या मधला हवा, तिथेही नकार. मग २२ चं उजवं दार, (२२, ४०), आणि तिथे ३१ बसतो. त्याचं डावं दार (२२, ३१), तिथे २७.

आता ५८ पुढे येतो. २७ ची दोन्ही दारं त्याला नाही म्हणतात, ३१ चं उजवं दार (३१, ४०) तेही नाही म्हणतं. मग थेट ४० चं उजवं दार येतं, (४०, ∞), तिथे ५८ आत. ५८ च्या डावीकडे ४९. आकडे संपले, उरलेली तीन दारं रिकामीच बंद झाली.

इथे हमखास कुणीतरी हात वर करतं. "मॅडम, अठ्ठावन्नला तीनदा हाकललं. मग एकच फेरी कशी झाली?" प्रश्न अगदी योग्य आहे. एकाच आकड्याला किती नकार मिळतील याला तसा धरबंध नाही. लांब उतरत्या रांगेनंतर मोठा आकडा आला तर त्याच्या वाट्याला शेकडो नकार येतील. पण आकड्याकडून मोजू नका, दारांकडून मोजा. नकार देणारं दार त्याच क्षणी बंद होतं आणि पुन्हा कधी उघडत नाही. एकूण दारं किती? सुरुवातीचं एक, आणि बसलेल्या प्रत्येक आकड्यामागे दोन. म्हणजे 2n + 1. त्यातली n भरतात, n + 1 रिकामी बंद होतात. आपल्या सात आकड्यांत ३१ ला दोन नकार, ५८ ला तीन, आकडे संपल्यावर तीन, असे आठ. सात भरलेली मिळून पंधरा. go बरोबर पंधरा वेळा चालतं, एकदाही जास्त नाही. मघाच्या १०,००० उतरत्या आकड्यांना ते २०,००१ वेळा चालतं. प्रीऑर्डर खरा असला की क्रम उतरता असो, चढता असो की सरमिसळ, हा आकडा हलत नाही.

हे पटलं की चलाख मुलं खालची मर्यादाच काढून टाकतात. नुसती hi ठेवली तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं, आणि क्रम खरा असेल तर ते बरोबरही आहे. v च्या डाव्या भागातलं सर्वांत शेवटी बंद होणारं दार नेहमी वरची मर्यादा v असलेलं असतं. तिथून नकार घेऊन आलेला आकडा v पेक्षा मोठाच असणार. आणि क्रम खरा असेल, तर एकदा v चा डावा भाग मिटल्यावर त्याच्याहून लहान आकडा पुन्हा येतच नाही. तरी मी lo काढू देत नाही.

कारण हा क्रम पाहा: ४०, २२, ५८, ३१. हा कुठल्याच सर्च ट्रीचा प्रीऑर्डर नाही. ५८ आला तेव्हा ४० ची डावी बाजू संपली, आता ३१ ला जागाच नाही. दोन्ही मर्यादा असतील तर ५८ ची दोन्ही दारं ३१ ला नाकारतात, सगळी दारं संपतात, तरी i तीनवरच अडकलेला असतो. वरच्या कोडातली शेवटची तपासणी हेच पकडते. नुसती hi ठेवलीत, तर ३१ हा ५८ पेक्षा लहान म्हणून त्याच्या डावीकडे खुशाल बसतो, म्हणजे ४० च्या उजव्या भागात. एवढंच नाही, त्या रूपात कोड कुठल्याही क्रमाला नाही म्हणतच नाही, कारण सर्वांत उजवं दार ∞ मर्यादेचं असतं आणि ते कुणालाही आत घेतं.

गोम पुढेच आहे. हे चुकीचं झाड तपासायला मुलं त्याचा प्रीऑर्डर छापतात आणि मूळ क्रमाशी ताडून बघतात. तो हुबेहूब जुळतो! ४०, २२, ५८, ३१. जुळणारच, कारण आकडे त्याच क्रमाने बसवलेत. इनऑर्डर छापा: २२, ४०, ३१, ५८. चढता नाही, चोरी उघडी. झाड तपासायचं ते इनऑर्डरने. तीन आकड्यांवर हे सगळं वहीत करून बघता येतं: १, २, ३ चे सहा क्रम होतात, त्यांपैकी पाच खरे प्रीऑर्डर आहेत, आणि फक्त २, ३, १ नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे i प्रत्येक go ला स्वतंत्र पाठवणं. i सगळ्यांचा मिळून एकच हवा, म्हणून तो nonlocal. जावामध्ये हीच मुलं int i पॅरामीटर म्हणून देतात, मग डावीकडे किती आकडे खर्च झाले हे उजवीकडे कळतच नाही. लक्षण ओळखायला सोपं आहे: वरच्या सात आकड्यांतून ४०, २२, १५ एवढेच उरतात, एक सरळ डावी फांदी. ४० च्या उजव्या दाराशी पुन्हा २२ च उभा राहतो ना! असं डावीकडे घसरलेलं, अर्धवट झाड दिसलं की आधी i कुठे राहतो ते बघायचं. जावात मर्यादा म्हणून Integer.MIN_VALUE दिली असेल आणि नेमका तोच आकडा क्रमात आला, तर तो मुळाच्या दारातूनही आत जात नाही. मर्यादा long मध्ये ठेवली की प्रश्न मिटतो. सारखे आकडे चालवायचे असतील तर ते कोणत्या बाजूला जाणार हे आधी ठरवायचं. उजवीकडे जाणार असतील तर अट lo <= a[i] < hi.

आणि ज्या उदाहरणावर मी ही पद्धत इतकी मिरवली, त्याच १०,००० उतरत्या आकड्यांवर वरचा कोड पायथनमध्ये चालत नाही. RecursionError येते. पायथनची रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० असते, आणि एकाच बाजूला वाढलेल्या झाडात go तितकंच खोल उतरतं. वेळ n च्या प्रमाणात राहिला तरी खोली झाडाच्या उंचीइतकी असते, हे मुलाखतीत विचारलं की मुलं गडबडतात.

त्यावर उपाय म्हणून स्वतःचा स्टॅक ठेवायचा. नवा आकडा स्टॅकच्या माथ्यापेक्षा लहान असेल तर तो त्याचं डावं मूल. मोठा असेल तर माथ्यावरचे त्याच्याहून लहान आकडे काढत जायचे, आणि शेवटी निघालेल्याचं तो उजवं मूल. मग त्याला स्टॅकवर ठेवायचं. आपल्या क्रमात ५८ येतो तेव्हा स्टॅकवर ४०, ३१, २७ असतात, तिन्ही निघतात आणि ५८ हा ४० च्या उजवीकडे जातो. प्रत्येक आकडा एकदाच चढतो आणि फार तर एकदा उतरतो. lo इथेही लागतोच, फक्त तो वेगळ्या रूपात येतो: शेवटी निघालेला आकडा लक्षात ठेवायचा. नवा आकडा त्याच्याहून लहान निघाला तर क्रम खोटा. ४०, २२, ५८, ३१ मध्ये ५८ ने २२ आणि ४० काढलेले असतात, शेवटचा ४०, आणि ३१ त्याच्याखाली म्हणून तिथेच थांबायचं.

पोस्टऑर्डर दिला असेल तर हेच सगळं शेवटून वाचा, आणि आधी उजवं दार, मग डावं. कोडात दोन ओळींची अदलाबदल होते आणि i मागे सरकतो.