आमची वाटचाल : वरच्या टोकाचे साठ मिलिव्होल्ट

भोसरीतील आमच्या कारखान्यात सुरुवातीची काही वर्षे आम्ही विस्थापन मोजणारे एलव्हीडीटी सेन्सर आणि त्यांच्या सिग्नलचे व्होल्टेजमधल्या वाचनात रूपांतर करणारे सिग्नल कंडिशनर मायक्रोमीटरवर तपासून पाठवत असू. दर्शक शून्यावर आणायचा, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिमी सरकवून पाहायचे, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, जुळवायचा आणि पेटी बंद करायची, एवढीच ती तपासणी होती. पल्ला मात्र उणे ५ ते अधिक ५ मिमी असा लिहिलेला असे.

चाकणच्या एका ग्राहकाच्या गुणवत्ता विभागातून फोन आला, तेव्हा या पद्धतीतली उणीव लक्षात आली. "मधल्या भागात सगळं बरोबर येतंय, पण वरच्या टोकाला तुमचा सेन्सर कमी दाखवतो," असे तिथल्या बाई म्हणाल्या. आम्ही तो संच परत मागवला आणि शेजारच्या टूलरूममधून स्लिप गेजचा, म्हणजे अचूक जाडीच्या ठोकळ्यांचा, संच उसना आणून पहिल्यांदाच संपूर्ण पल्ला तपासला.

मांडणी साधी होती. सरफेस प्लेटवर स्टँड, त्यात सेन्सर उभा आणि टोकाखाली स्लिप गेज. १० मिमीचा ठोकळा म्हणजे शून्य, ५ मिमीचा म्हणजे खालचे टोक आणि १५ मिमी म्हणजे वरचे. १० च्या पुढच्या मापांसाठी दोन ठोकळे, उदाहरणार्थ १० आणि ३, स्वच्छ पुसून एकमेकांवर घासत चिकटवले, कारण मधे धुळीचा एक कण राहिला तरी काही मायक्रॉनची चूक सहज येते. एका मिमीला एक व्होल्ट असे प्रमाण असल्याने एक मिलिव्होल्ट म्हणजे एक मायक्रॉन, त्यामुळे आकडे वाचणे सोपे होते.

अकरा जागांपैकी नऊ ठिकाणी वाचन एक-दोन मिलिव्होल्टच्या आत बरोबर आले. अधिक ४ वर मात्र ३.९९० व्होल्ट मिळाले आणि अधिक ५ वर ४.९४०. सर्व बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली तेव्हा ती स्वतःच त्या टोकाकडे थोडी झुकली, म्हणून साठऐवजी सुमारे ३८ मायक्रॉनचेच विचलन उरले; तरीही १० मिमीच्या पल्ल्यावर आम्ही कबूल केलेल्या ०.२५ टक्के, म्हणजे २५ मायक्रॉनच्या, ते बाहेरच होते.

आलेख एकाच टोकाला वाकलेला होता आणि त्यातच कारण दडलेले होते. एलव्हीडीटीमध्ये दोन सेकंडरी कॉइल एकमेकींच्या विरोधात जोडलेल्या असतात. टोकाबरोबर आत सरकणारा कोअर बरोबर मध्यावर असताना त्यांचे व्होल्टेज एकमेकांना रद्द करतात आणि त्या खऱ्या शून्यापासून दोन्हीकडे सारख्याच अंतरापर्यंत आउटपुट सरळ रेषेत वाढते. आमच्याकडे जुळणी करताना कोअर कुठेही असला तरी कंडिशनरवरचा झिरोचा स्क्रू फिरवून दर्शक शून्यावर आणला जाई. या संचात कोअर खऱ्या शून्यापासून ०.८ मिमी वर होता, त्यामुळे ग्राहकाच्या यंत्रावर अधिक ५ मिमी म्हणजे कोअरसाठी ५.८ मिमी होत होते, आणि तिथे तो सरळ भागाबाहेर जात होता.

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी कंडिशनरचे इनपुट शॉर्ट करून झिरोच्या स्क्रूने आउटपुट शून्य करतो, मग सेन्सर जोडून, १० मिमीचा ठोकळा खाली ठेवून, सेन्सरची बॉडीच क्लॅम्पमध्ये हळूहळू सरकवून शून्य गाठतो. शेवटी गेन थोडा कमी-जास्त करून पाहतो. आउटपुट शून्यावरून हलले नाही, तरच ते खरे शून्य. त्याच संचाचे विचलन या पद्धतीने दोन्ही टोकांना ६ मायक्रॉनच्या आत आले.

एक गोष्ट मात्र पुढे उन्हाळ्यात शिकावी लागली. ५ पासून १५ मिमीपर्यंत चढत आणि पुन्हा उतरत वाचने घेतली, तर सुरुवातीच्या ५ मिमीच्या जागी परतताना ७ मायक्रॉनचा फरक दिसला, तर १५ मिमीजवळ काहीच नाही. टोक अडकत असते तर फरक बहुतेक जागी जवळपास सारखा आला असता. हा मात्र वेळेबरोबर वाढत गेला होता. दुपारच्या उन्हाने स्टँडचा २०० मिमीचा पोलादी खांब तापत होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते, म्हणजे तीन अंशांत खांब जवळपास ७ मायक्रॉन वाढला आणि सेन्सर तेवढाच वर उचलला गेला. १० मिमीच्या ठोकळ्याची स्वतःची वाढ त्यापुढे नगण्य होती. आता स्टँड खिडकीपासून दूर आहे, उपकरणे सुरू करून अर्धा तास थांबतो, ठोकळे हातमोजे घालूनच हाताळतो, आणि परतीचे वाचन २ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकले तर संपूर्ण फेरी रद्द करून पुन्हा घेतो.

आज प्रत्येक सेन्सरबरोबर चढती आणि उतरती मिळून बावीस वाचने छापून जातात, आणि रेषा कोणत्या पद्धतीने काढली तेही त्याच कागदावर लिहिलेले असते.