‘तुला भूक लागली आहेस का?’ : मला-तुला असलेल्या वाक्यांतील क्रियापद मी कसे तपासले

मराठी नव्याने शिकणाऱ्या प्रौढांसाठी तयार होत असलेल्या एका सरावपुस्तिकेचे हस्तलिखित तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यातला सर्वांत जास्त वेळ भूक, थंडी आणि आवड यांवरच्या पाठाने घेतला. या पाठात ज्या माणसाला भूक लागते किंवा काही आवडते, तो माणूस ‘मला’, ‘तुला’, ‘आजोबांना’ अशा रूपात येतो आणि क्रियापद मात्र त्याच्याकडे पाहतच नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु उत्तरसूची तपासताना ‘कानाला बरोबर वाटते’ एवढे कारण पुरत नाही, म्हणून प्रत्येक वाक्यासाठी सांगता येईल असे कारण मला हवे होते.

आधी तपासायची वाक्ये वेगळी काढणे भाग होते. संगणकावर ‘मला’ आणि ‘तुला’ हे शब्द शोधले, तेव्हा ‘आईने मला बोलावले’ आणि ‘तू मला पुस्तक दिलेस’ अशीही वाक्ये समोर आली. त्यांत ‘मला’ आहे खरे, पण ते कर्म आहे. काम करणारे माणूस वाक्यात वेगळे बसलेले आहे. ही वाक्ये मी बाजूला ठेवली आणि ज्यांत ‘मला’ किंवा ‘तुला’ हाच अनुभव घेणारा माणूस आहे, तेवढीच हाती घेतली.

मग शाळेत कर्ता शोधण्यासाठी जी युक्ती शिकवतात, तीच वापरली. धातूला ‘-णारा, -णारी, -णारे’ लावून प्रश्न विचारायचा. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात वाजणारे काय? थंडी. ‘तुला भूक लागली’ यात लागणारे काय? भूक. ‘रामाला आंबा आवडतो’ यात आवडणारे काय? आंबा. विद्यार्थ्याच्या मनात उत्तर म्हणून राम पुढे येतो, कारण अनुभव त्याचा आहे, आणि वाक्यात त्याला मानही कर्त्यासारखाच मिळतो: ‘रामाला आपले गाव आवडते’ यातले ‘आपले’ रामाकडेच जाते. तरीही ‘ला’ प्रत्यय लागलेल्या नामाशी मराठी क्रियापद लिंग-वचनाने जुळत नाही. ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, त्याच्याशी ते जुळते. ‘मला बागेतल्या फुलांचा रंग आवडली’ असे एक वाक्य हस्तलिखितात होते. लिहिणाऱ्याच्या मनात फुले होती आणि ‘फुले आवडली’ हे बरोबरच आहे. पण या वाक्यात फुलांना ‘चा’ लागला आहे आणि मोकळा उरला आहे तो रंग, म्हणून ‘रंग आवडला’.

कर्ता सापडला तरी क्रियापदाचे रूप त्याचे लिंग-वचन नेहमी स्पष्ट दाखवीलच असे नाही, आणि मला वाटते, खरी अडचण इथेच आहे. ‘मला भेळ आवडते’ आणि ‘मला दही आवडते’ यांत भेळ स्त्रीलिंगी आणि दही नपुंसकलिंगी असूनही लेखी मराठीत रूप एकच राहते. भूतकाळात घेतले, तर ‘भेळ आवडली’ आणि ‘दही आवडले’ असा फरक उघड होतो. पण भूतकाळ एकटाही पुरत नाही, कारण ‘आवडली’ हे रूप ‘भेळ’ या एकवचनी स्त्रीलिंगी नामालाही चालते आणि ‘गाणी’, ‘भजी’ या अनेकवचनी नपुंसकलिंगी नामांनाही चालते. तसेच ‘आवडले’ हे ‘दही’लाही चालते आणि ‘पोहे’ या अनेकवचनी पुल्लिंगी नामालाही. म्हणून शंका आली की मी तेच वाक्य दोन्ही काळांत लिहून पाहत असे. ‘भेळ आवडली, भेळ आवडते’; ‘गाणी आवडली, गाणी आवडतात’; ‘दही आवडले, दही आवडते’; ‘पोहे आवडले, पोहे आवडतात’. आंबा घेतला तर ‘आवडला, आवडतो’ आणि पोळ्या घेतल्या तर ‘आवडल्या, आवडतात’. दोन काळांची ही जोडी तीन लिंगे आणि दोन वचने मिळून होणाऱ्या सहाही शक्यता वेगळ्या करते. एकट्या काळाला ते जमत नाही. वर्तमानकाळी नकारात तर लिंग पुरतेच लपते, ‘आंबा आवडत नाही’ आणि ‘भेळ आवडत नाही’ सारखेच. म्हणून जिथे लिंगाचीच परीक्षा घ्यायची होती, तिथली नकारार्थी वाक्ये मी भूतकाळात बदलून घ्यायला सुचवले.

पुस्तिकेत ‘चुका दुरुस्त करा’ या सरावासाठी विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जुळवलेला एक उतारा होता. तो असा: ‘बाबा, तुम्हाला थंडी वाजतात का? मला तर खूप थंडी वाजला. तुला भूक लागली आहेस का? मला गरम पोहे आवडते. आजोबांना फक्त चहा आवडते.’ पाचही वाक्ये चुकलेली आहेत आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या वाटेने आलेली आहे, म्हणून हा उतारा मला फार मोलाचा वाटला.

पहिल्या वाक्यात बाबांचा मान आड आला आहे. ‘बाबा येतात’ या सवयीने ‘वाजतात’ झाले. पण आदराचे अनेकवचन बाबांचे आहे, थंडीचे नाही, म्हणून ‘तुम्हाला थंडी वाजते का?’. उलट ‘मला बाबा आवडतात’ असे म्हटले की बाबा स्वतःच कर्ता होतात आणि तिथे मान क्रियापदातही दिसतो. दुसऱ्या वाक्यात बोलणारा पुरुष आहे आणि त्याने क्रियापद स्वतःशी जुळवले आहे. थंडी स्त्रीलिंगी असल्यामुळे बोलणारा कोणीही असो, ‘थंडी वाजली’. याच चुकीची दुसरी बाजू ‘मला बरी वाटत नाही’ अशी एका स्त्रीच्या वाक्यात आढळली होती. तिथे जुळवायला दुसरे नामच नाही, म्हणून नपुंसकलिंगी एकवचन, ‘बरे वाटत नाही’. चौथ्या वाक्यात हिंदीतला एकवचनी ‘पोहा’ मनात आहे, तर मराठीत पोहे अनेकवचनी, म्हणून ‘आवडतात’. पाचव्यात हिंदीतली स्त्रीलिंगी चाय आहे, तर मराठीत चहा पुल्लिंगी, म्हणून ‘आवडतो’. या शेवटच्या दोन वाक्यांत विद्यार्थ्याला नियम ठाऊक आहे, फक्त नामाचे लिंग-वचन त्याने आपल्या भाषेतून आणले आहे. अशा चुकीपुढे नियम पुन्हा समजावून उपयोग नसतो. शब्दच लिंगासकट पाठ करावा लागतो. ‘मजा’ हाही त्यातलाच शब्द: हिंदीत ‘मज़ा आया’, मराठीत ‘मला मजा आली’.

तिसऱ्या वाक्यावर मी सर्वाधिक थांबलो, कारण उत्तरसूचीत ते तसेच राहून गेले होते. ‘आहेस’मधला ‘स’ हा ‘तू’चा आहे. ‘तू येतोस’, ‘तू आलीस’ यांत तो सहज कळतो. फसवणारी वाक्ये म्हणजे ‘तू पोळी खाल्लीस’ आणि ‘तू मला पुस्तक दिलेस’. इथे क्रियापदाचे लिंग पोळीप्रमाणे किंवा पुस्तकाप्रमाणे आहे आणि तरीही शेवटी ‘तू’चा ‘स’ आहे. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघेही बोलतात, म्हणून व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग म्हणतात. हे वाक्य ज्याच्या कानात मुरले, तो त्याच चालीवर ‘तुला पोळी आवडलीस’ म्हणतो. पण ‘तू’चे ‘तुला’ झाले की तो ‘स’ मागण्याचा हक्क संपतो. ‘तू पोळी खाल्लीस’, पण ‘तुला पोळी आवडली’. ‘तुम्ही पोळी खाल्लीत’, पण ‘तुम्हाला पोळी आवडली’. तेव्हा ‘तुला भूक लागली आहे का?’ हेच बरोबर, कारण इथले ‘आहे’सुद्धा भुकेचे आहे.

मात्र ‘तुला’ नसलेल्या वाक्यातला ‘स’ डोळे मिटून खोडता येत नाही. ‘मला तू आवडतोस’, ‘मला तू आवडलीस’ ही वाक्ये शुद्ध आहेत, कारण आवडणारा किंवा आवडणारी ‘तू’च आहे. तिथे ‘स’ नसेल तरच चूक. याचे उलट टोक ‘तुला मी आवडतो का?’ हे आहे, ज्यात क्रियापद ‘मी’प्रमाणे चालते आणि बोलणारी स्त्री असेल तर ‘आवडते’ होते. ही दोन वाक्ये उत्तरसूचीत शेजारी शेजारी ठेवावीत असे मी लिहून दिले, कारण त्यांवरून विद्यार्थ्याला ‘ला’ लागलेला माणूस आणि मोकळा माणूस यांतला फरक थेट दिसतो.

काही वाक्यांत ‘-णारे काय?’ या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. ‘मला मळमळते’ यात मळमळणारे काय, हे सांगता येत नाही. क्रियापदाचा भाव हाच तिथे कर्ता मानतात आणि प्रयोगाला भावकर्तरी म्हणतात. ‘तुला उकडते का?’ हेही तसेच. ही क्रियापदे तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर असतात, म्हणून ती तपासायला सोपी जातात.

दोन नामे ‘आणि’ने जोडलेली असली की निर्णय थोडा सैल होतो. ‘मीनाला खिचडी आणि पापड आवडले’ यात शेवटचे नाम पापड असल्यामुळे ‘आवडले’ ठीक बसते. पण ‘पापड आणि खिचडी आवडली’ असे लिहिले की पापडांचे काय झाले, असे वाचणाऱ्याला वाटत राहते. भिन्न लिंगांची नामे असताना क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणे चालते, तेव्हा अनेकवचनी नाम शेवटी आणावे, एवढीच सूचना मी केली.

शेवटी ‘मला पुस्तके वाचायला आवडते’ हे वाक्य उरले. पुस्तिकेने त्याला चूक ठरवून ‘आवडतात’ असे दुरुस्त केले होते. ‘वाचणे’ हे क्रियावाचक नाम वापरले, तर वाद उरत नाही: ‘मला पुस्तके वाचणे आवडते’, कारण आवडणारे आहे ते वाचणे. ‘वाचायला’ म्हटल्यावर मात्र क्रियापद पुस्तकांकडे ओढले जाते आणि ‘मला पुस्तके वाचायला आवडतात’ असे पुष्कळ जण लिहितात व बोलतात. मी स्वतःही तसेच म्हणतो. तरीही वाचण्याच्या क्रियेला एकवचनी धरून ‘आवडते’ म्हणणारेही थोडे नाहीत. मी उत्तरसूचीत दोन्ही रूपे ग्राह्य धरायला सांगितले आणि हे वाक्य चुका शोधण्याच्या सरावातून काढून टाकले.