पक्याचे डबे आणि माझ्या सोयावड्या

मी आणि पक्या एकाच वेळी जिम लावली, दोघंही हाडकुळे, मी ५८ किलो, तो ६० च्या आसपास. ऑफिस सुटल्यावर रात्री आठची बॅच. पहिल्या पगारात गड्याने मास गेनरचा मोठ्ठा डबा आणला, मग व्यायामाआधी प्यायचं प्री-वर्कआउट, मग बीसीएए म्हणजे अमिनो आम्लांची पावडर, आणि मला म्हणायचा तू काय अंडी खात बसलायस रे.

माझं गणित साधं होतं. किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन म्हणजे मला ९३ च्या आसपास लागणार. सकाळी चार अंडी, २४ झाले. दिवसभरात दोन वाट्या उसळ आणि चार भाकऱ्या मिळून २८ तरी होतात, संध्याकाळी ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्या भिजवून परतल्या की २६, मूठभर शेंगदाणे आणि रात्री ग्लासभर दूध मिळून १६. झालं की! सोयावड्या सुरुवातीला नीट पिळून घेत नव्हतो तेव्हा पोट असं फुगायचं की विचारू नका.

पक्याचा डबा एकदा उलटा करून वाचला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे निव्वळ कार्ब, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन फक्त १५. वजन वाढलं त्याचं, पण सगळं पोटावर.

खरा घोळ मात्र प्री-वर्कआउटचा होता. प्यायल्यावर तोंडाला मुंग्या यायच्या आणि हा खूश, बघ लागतंय म्हणून. अरे ते बीटा-अलानाइनमुळे होतं, ताकदीचा त्या मुंग्यांशी काही संबंध नाही. पण त्यात २०० मिलिग्रॅम कॅफिनपण होतं, जे निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे आठला घेतलं तर रात्री एक वाजता अंगात अजून १०० मिलिग्रॅम, एका कडक कॉफीएवढं. हा दोनपर्यंत मोबाईल बघत पडायचा, सातला उठायचा, दुपारभर पेंगायचा आणि संध्याकाळी त्या पेंगेवर उपाय म्हणून परत एक स्कूप. बेंच प्रेस ५० किलोवर अडकलेली, तर म्हणे ब्रँड बदलतो.

मी म्हटलं ब्रँड राहू दे, महिनाभर स्कूप बंद कर आणि साडेअकराला झोप. पहिले काही दिवस डोकं दुखलं, चिडचिड केली, मला शिव्या घातल्या. नंतर झोप लागायला लागली आणि महिना संपायच्या आत ५५ चे पाच रेप्स मारले त्याने, मीच मागे उभा होतो, बारला हात लावावा लागला नाही.

सगळं सोडलं नाही त्याने. क्रिएटिन चालू ठेवलं, आणि त्यात तो बरोबर आहे, ताकदीसाठी ते खरंच काम करतं. त्याचं बघून मीपण आता रोज ३ ते ५ ग्रॅम पाण्यात घेतो, सुरुवातीला मोठे डोस घ्यायच्या लोडिंगची भानगड नाही. सुरुवातीला किलोभर वजन वाढलं तर ते पाणी असतं, हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर त्याने पेढे वाटले असते.