कॅज्युअल्टीतलं हसू

“सिस्टर, आत माणूस मरायला टेकलेला असतो आणि तुम्ही लोक हसता कसे? काहीच वाटत नाही का तुम्हाला?”

वाटतं. ज्यांना काही वाटेनासं झालंय अशी माणसं मी सरकारी दवाखान्यात पाहिली आहेत, पण ती विनोद करत नाहीत. ती कोपऱ्यात मोबाईल चाळत बसतात. हसणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते तुम्हाला कळायचं तर आधी पडद्याच्या आत यावं लागेल.

जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत नोकरी केली म्हणजे फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट ओघानंच आले. अशा पेशंटच्या छातीत पाणी साचल्यासारखी घरघर लागते, तोंडातून फेस येतो, नाडी मंद होते. त्याला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यायचं, आणि ते थोडं देऊन भागत नाही. काचेच्या एका छोट्या अँप्यूलमध्ये असतं ०.६ मिलिग्रॅम. आधी ५ फोडायच्या, पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर तशीच असेल तर १०, पुन्हा पाच मिनिटांनी २०. छाती कोरडी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत हे चालतं. अतिरेक झाला तर पेशंट बरळायला लागतो, चादर उपटतो, म्हणून तेही बघत राहायचं. एक जण छातीवर स्टेथोस्कोप धरून, एक जण सिरिंज भरतंय, आणि एक जण नुसत्या काचा फोडतंय. बोटं कापतात. ट्रेमध्ये काचांचा ढीग होतो आणि खाली पडतो तो वेगळाच.

अशाच एका रात्री काचा मी फोडत होते. अंगठा कापला, रक्त आलं, तरी हात चालूच. आमचे वॉर्डबॉय मामा झाडू घेऊन आले, खालचा ढीग बघितला आणि म्हणाले, “सिस्टर, बांगड्या भरायला बसलात का फोडायला?” ड्युटीवर आम्ही बांगड्या घालत नाही, त्यामुळे चेष्टा माझी होती. मी हसले. कॅज्युअल्टीचे डॉक्टर, आमचे सीएमओ साहेबही कानातली नळी न काढता हसले, आणि त्याच श्वासात म्हणाले, “अजून वीस.”

पडद्यापलीकडं पेशंटची बायको उभी होती. सोबत तिचा भाऊ.

तो पडदा ओढून आत आला आणि त्याचा आवाज अख्ख्या कॅज्युअल्टीनं ऐकला. “माझी बहीण इथं उभी आहे, आणि तुम्ही बांगड्या फोडताय?” मामांचा चेहरा पांढरा पडला. काच आणि झाडू यांच्यापलीकडं त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ज्या बाईचा नवरा टेबलावर आहे, तिच्या कानांना बांगडी फुटण्याचा दुसरा कुठला अर्थ कळणार?

तो पेशंट पुढं वाचला. म्हणून भावाचा राग चुकीचा ठरत नाही. मामांना माफी मागायला जायचं होतं, मी अडवलं. माफी मागायची तर विनोद काय होता ते समजावून सांगावं लागतं, म्हणजे तेच वाक्य त्या बाईला दुसऱ्यांदा ऐकवणं आलं.

आता त्या एका वाक्यानं आत काय झालं ते सांगते. काचा फोडून फोडून माझा हात थरथरायला लागला होता. थरथरणाऱ्या हातानं अँप्यूल नीट फुटत नाही, औषध सांडतं. हसल्यावर श्वास एकदा पूर्ण बाहेर गेला आणि हात पुन्हा माझ्या ताब्यात आला. दुसरं म्हणजे, मामांनी माझं रक्त बघितलंय हे मला कळलं. “फार लागलं का?” असं विचारलं असतं तर मी थांबले असते, कदाचित डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि थांबायला तिथं जागा नव्हती. आणखी एक. एरवी मामा साहेबांसमोर चेष्टा करत नाहीत. त्या पंधरा मिनिटांत मात्र साहेब, सिस्टर आणि मामा एकाच टेबलाभोवती असतात आणि हुद्दा बाजूला पडतो. पेशंट वर आयसीयूत गेला की मामा पुन्हा “होय साहेब”वर येतात.

यानं दुःख संपत नाही, हेही सांगते. ते फक्त पुढं ढकललं जातं. ड्युटी संपवून घरी गेल्यावर भाजी निवडताना कधीतरी येतंच. आमच्यातला सगळ्यात गमत्या माणूस अचानक गप्प झाला, की आम्हाला खरी काळजी वाटायची.

पोलिसांचंही असंच. दवाखान्याच्या चौकीतले हवालदार एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, लिहून घ्यायला यायचे, रात्री चहाही आमच्याकडंच. नदीत बॉडी सापडली की हद्दीचा घोळ ठरलेला. अलीकडच्या काठाला एक ठाणं, पलीकडच्या काठाला दुसरं. एकदा असाच पंचनामा करून ओल्या बुटांनी आलेले हवालदार म्हणाले, “बिचारा वाहत गेला पण चुकून आमच्याच हद्दीत अडकला. अजून दोनशे फूट गेला असता तर रात्र त्यांची खराब झाली असती.” ऐकायला निर्दय वाटतं. पण चार दिवस पाण्यात राहिलेलं शरीर बाहेर काढून आलेला माणूस त्या शरीराबद्दल काहीच बोलत नाहीये, तो आपल्या खात्याला टोमणा मारतोय. ज्याबद्दल बोलता येत नाही, त्याच्या शेजारच्या गोष्टीबद्दल बोलतोय.

सगळंच मी पदरात घेणार नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातला एक खटला गाजला होता. कोलोनोस्कोपीला गेलेल्या माणसानं नंतरच्या सूचना लक्षात राहाव्यात म्हणून मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, ते भूल दिल्यावरही चालूच राहिलं. घरी जाताना त्यानं ऐकलं, तर भूलतज्ज्ञ त्याची टिंगल करत होती, तोंडावर ठोसा द्यावासा वाटला म्हणत होती, आणि कागदावर मूळव्याध नसताना मूळव्याध लिहायची भाषा चालली होती. २०१५ मध्ये ज्यूरीनं त्या पेशंटला ५ लाख डॉलरची भरपाई मिळवून दिली. मला वाटतं योग्यच केलं. तिथं कुणी मरत नव्हतं, कुणाचा हात थरथरत नव्हता. झोपलेल्या माणसाचा कंटाळा आला होता, एवढंच. आणि टिंगल केसपेपरवर उतरली की ती उपचारातच शिरली.

हा कंटाळ्याचा विनोद आमच्याकडंही आहे. रोज येणाऱ्या दारुड्याला आल्याआल्या टोपणनाव पडतं, आणि एखाद्या रात्री त्याच्या डोक्याला खरोखर मार असतो तेव्हा “हा काय नेहमीचाच” म्हणून कुणी डोळ्यांच्या बाहुल्या बघत नाही. नव्या विद्यार्थिनींना मी एवढंच सांगायची, की पेशंट तपासायच्या आधी जो विनोद येतो त्याला हसू नका. त्या बऱ्याचदा सगळ्यात मोठ्यानं हसायच्या, सीनियर हसतात म्हणून, आणि भीतीनंही.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्याआडून हसू ऐकू आलं, तर राग जरूर येऊ द्या. नातेवाइकांना ऐकू जाईल असं बोलायचंच नाही, हे आमच्याकडून पाळलं जायला हवं, आणि जागा अपुरी आहे ही सबब मला पुरेशी वाटत नाही. पण एकदा हातांकडं बघा. हात चालू असतील तर नंतर, पेशंट स्थिर झाल्यावर, आम्हाला येऊन बोला. हात थांबवून हसणं चाललं असेल, किंवा तुमच्या माणसाचं नाव, जात, वजन, परिस्थिती यावर चाललं असेल, तर मेट्रनकडं जा, तिथं दाद लागली नाही तर अधीक्षकांकडं, आणि लेखी द्या. तोंडी तक्रार चहाबरोबर विरघळते.